2/3 ÷ 3/4 : छेदातला चार वर जातो कसा

> "अर्ध्याला एक अष्टमांशाने भागायचं चित्र कुणीही काढेल, ते बरोबर सुटतं म्हणून. 2/3 ÷ 3/4 घ्या. इथे भाजकच मोठा आहे, मग 'किती वेळा मावतो' या प्रश्नाला अर्थ काय उरला? शिवाय चित्रात समच्छेद करणं दिसतं, उलटा करून गुणणं कुठेच दिसत नाही. मी तीस वर्षं सहावी-सातवीला गणित शिकवलं. दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा, एवढं पाठ असलं की मुलांचं भागतं. शिष्यवृत्तीच्या पेपरात चौकटी आखत बसायला वेळ कुणाला आहे?"

सर, तुमचंच उदाहरण घेऊ या, कारण ते खरोखर चांगलं आहे.

समजा, पातेल्यात 2/3 लिटर दूध आहे आणि बाटली पाऊण लिटरची आहे. दूध ओतल्यावर बाटली किती भरेल? भाजक मोठा असला तरी प्रश्न बदलत नाही, फक्त उत्तर एकाच्या आत येतं. बाटली काठोकाठ भरणार नाही, थोडीशीच रिकामी राहील, एवढा अंदाज आकडेमोड न करताही बांधता येतो. तो अंदाज मुलाकडून आधी वदवून घ्यावा, पुढे तोच कामाला येतो.

आता एक लिटर म्हणजे एक आयत. तीन आडव्या ओळी पाडल्या की तृतीयांश मिळतात, चार उभे रकाने पाडले की पाव मिळतात. दोन्ही रेघा एकाच आयतात मारल्या की बारा सारखी घरं होतात.

```
दूध, 2/3        बाटली, 3/4
■ ■ ■ ■         ■ ■ ■ □
■ ■ ■ ■         ■ ■ ■ □
□ □ □ □         ■ ■ ■ □
```

दूध आठ घरं, बाटली नऊ घरं. म्हणजे बाटली 8/9 भरेल. घर लिटरचा बारावा भाग आहे याचा उत्तराशी काही संबंध राहत नाही, कारण दूध आणि बाटली आपण एकाच मापाच्या घरांनी मोजली. समच्छेद दिसतो तो इथपर्यंत, आणि तुम्ही म्हणता तसं बरेच जण इथेच थांबतात.

पण घरं मोजण्याऐवजी ती आली कुठून ते बघा. दुधाच्या दोन ओळी आणि प्रत्येक ओळीत चार घरं, म्हणून 2 × 4. ओळीत चारच घरं का? बाटलीच्या पावांसाठी आपण चार उभे रकाने पाडले म्हणून. भाजकाच्या छेदातला चार दुधाच्या घरांना गुणतो आणि म्हणून अंशात, वर येतो. तसंच बाटलीचे तीन रकाने आणि प्रत्येक रकान्यात तीन घरं, म्हणून 3 × 3. यातले रकाने तीन, ते भाजकाच्या अंशातून आले. एका रकान्यात तीन घरं आहेत ती दुधाच्या तृतीयांशांसाठी मारलेल्या आडव्या रेघांमुळे. आता 8/9 न लिहिता (2 × 4)/(3 × 3) लिहा. हे 2/3 × 4/3 आहे. मुलांना मी चित्राखाली आठ आणि नऊ लिहू देत नाही, गुणाकार तसेच ठेवायला सांगतो. आठ लिहिलं की चार दिसेनासा होतो.

एवढ्याने रीत बरोबर आहे हे पटतं, पण 4/3 हा स्वतः काय आहे हे कळत नाही. माझ्या मते ते कळणं जास्त महत्त्वाचं. त्यासाठी दूध क्षणभर बाजूला ठेवा आणि पूर्ण एक लिटर घ्या. एक लिटरमध्ये पाऊण लिटरच्या किती बाटल्या?

```
अ अ अ ब
अ अ अ ब
अ अ अ ब
```

'अ'ची नऊ घरं म्हणजे एक भरलेली बाटली. 'ब'ची तीन घरं उरली, ती नऊ घरांच्या बाटलीचा तिसरा भाग. म्हणून एका लिटरला एक पूर्ण बाटली आणि वर एक तृतीयांश बाटली, म्हणजेच 4/3 बाटल्या. उलटा केलेला अपूर्णांक हा असा: एका लिटरमागे किती बाटल्या, याचं उत्तर. दूध पूर्ण लिटर नाही, लिटरचा 2/3 आहे, तेव्हा बाटल्याही 4/3 च्या 2/3 च भरणार. भागाकाराच्या जागी गुणाकार येतो तो इथे. आणि दोघांपैकी दुसराच अपूर्णांक का उलटायचा, हेही यातच आलं: मोजायचं माप बाटली आहे, दूध नाही. पहिला उलटवणाऱ्या मुलाचं उत्तर 3/2 × 3/4, म्हणजे 9/8 येतं. आधी बांधलेला अंदाज त्याला तिथल्या तिथे सांगतो की पाऊण लिटरची बाटली 2/3 लिटर दुधाने ओसंडून वाहू शकत नाही.

हेच चित्र फिरवलं की आणखी एक चूक पकडता येते, आणि ती नियम पाठ असलेली मुलंही चित्र काढताना करतात. आता दूध पाऊण लिटर, बाटली 2/3 लिटरची. दूध नऊ घरं, बाटली आठ घरं. एक बाटली भरली, एक घर उरलं. मूल लिहितं: एक पूर्णांक एक छेद बारा. उरलेलं घर लिटरचा बारावा भाग आहे, यात त्याचं काही चुकलेलं नाही. पण आपण लिटर विचारले नव्हते, बाटल्या विचारल्या होत्या, आणि बाटली आठ घरांची. तेव्हा उत्तर 1 1/8. पडताळा घेतला की चूक उघडी पडते: 13/12 × 2/3 केलं तर 26/36 येतात, आणि पाऊण म्हणजे 27/36. 9/8 × 2/3 मात्र बरोबर 3/4 येतात. उरलेला तुकडा कशाच्या मापाने मोजायचा, हा प्रश्न नुसत्या नियमाने कधी समोरच येत नाही. त्यामुळे उत्तर बरोबर लिहिणाऱ्या मुलालाही 1/8 कशाचा, असं विचारलं की ते गडबडतं.

परीक्षेबद्दल तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पेपरात चित्र काढू नये. 7/15 ÷ 11/24 ला 360 घरं लागतील, ती कुणी आखणार नाही. पण आखायची गरजही नाही: सात ओळींत चोवीस-चोवीस घरं म्हणजे 168, अकरा रकान्यांत पंधरा-पंधरा म्हणजे 165, उत्तर 168/165, म्हणजे 56/55. नियमाने केलं तरी हेच गुणाकार करावे लागतात. ज्याने लहान चित्र दोन-चारदा हाताने काढलंय, तो मोठ्या आकड्यांत तेच करतो.

चित्राची खरी अडचण दुसरीकडे आहे. ऋण अपूर्णांक आले की घरं उपयोगी पडत नाहीत, उणे दोन ओळी रंगवता येत नाहीत. तिथे भागाकाराच्या व्याख्येवरच जावं लागतं: जिला 3/4 ने गुणलं की -2/3 मिळेल अशी संख्या शोधायची. 3/4 × 4/3 = 1 होतं, म्हणून -2/3 × 4/3 ला 3/4 ने गुणलं की -2/3 परत मिळतो, आणि उत्तर -8/9. सातवीपर्यंत बाटलीचा 4/3 समजलेला असेल तर ही ओळ वाचायला मुलाला त्रास होत नाही, असा माझा अनुभव आहे. तुमच्या वर्गातल्या मुलांना 1 1/12 की 1 1/8 हा प्रश्न विचारून बघितलात, तर काय उत्तरं आली ते इथे जरूर लिहा.