पोल मोजू नका, गाळे मोजा

आमचा अकरा गुंठ्यांचा तुकडा आहे भोरकडे, त्यात मी सात आंब्याची कलमं लावली होती आणि त्यातली पाच गावातल्या शेळ्यांनी खाल्ली, उरलेली दोन बहुतेक चवीला बरी नसावीत. त्यावर बायको म्हणाली, अहो आता तरी कंपाउंड करा. मी म्हणलं करू की, त्यात काय एवढं. आयुष्यात जी जी कामं मला महागात पडलीयेत ती सगळी याच वाक्याने सुरू झालीयेत.

प्लॉट मात्र देवाने आयत दिलाय, म्हणजे मोजणीच्या दगडांप्रमाणे एक बाजू 99 फूट आणि दुसरी 121. गुणाकार 11979, गुंठ्याचे 1089 ने भागलं की बरोब्बर 11. हे गणित सुटल्यावर माझा कॉन्फिडन्स एवढा वाढला की पुढचं सगळं मीच काढायचं ठरवलं. परिमिती किती, तर 99 अधिक 121 दुप्पट, 440 फूट. पोल किती किती अंतरावर, तर सगळे म्हणतात आठ फूट. 440 भागिले 8, पंचावन्न. बाकी शून्य! मी तो कागद घडी करून पाकिटात ठेवला, लोक नातवंडांचे फोटो ठेवतात तसा, आणि सिमेंटच्या पोलवाल्याला फोन करून सात फुटी 55 पोल टाकायला सांगितले.

मग तारेच्या दुकानात गेलो. काटेरी तार किलोवर मिळते हे मला माहीत होतं, पण किलोत किती फूट बसते ते नव्हतं. दुकानदार शहाणा माणूस, म्हणाला गेजवर आणि काट्यांच्या अंतरावर बदलतं, तोंडी आकड्यावर जाऊ नका, आणि बारा गेजच्या बंडलातून दहा फुटाचा तुकडा तोडून त्याने काट्यावर टाकला. 400 ग्रॅम भरला. म्हणजे किलोला 25 फूट. मी लगेच तोंडी हिशोब केला आणि रुबाबात म्हणालो, अठरा किलो द्या.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हळूच विचारलं, "साहेब, एकच तार लावणार? कपडे वाळत घालायला का?"

तर हो, कुंपणाला तारा पाच असतात आणि माझ्या 440 फुटांत एकच होती. शेळीला बाकीचे चार मजले मी मोकळे सोडले होते. बंडल न घेताच घरी आलो आणि बायकोला सांगितलं की दुकान बंद होतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री साइटवर आले, सोबत दोन पोरं, पहार, लाइनदोरी आणि चुन्याची पिशवी. आधी त्यांनी चारही दगड खरंच आयतात आहेत का ते बघितलं, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात टेप लावून, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांत. दोन्ही कर्ण 156 फूट 4 इंच आले. दोन कर्ण सारखे नसते तर प्लॉट तिरका, मग बाजूंची मापं कितीही बरोबर असोत. हे मला आवडलं, इथपर्यंत गणित आणि मी एकाच बाजूला होतो.

मग मी पाकिटातला कागद काढला. मिस्त्रींनी तो वाचला, परत दिला, आणि म्हणाले, "पंचावन्न पोल? आन कोपऱ्यात काय लावणार?"

"कोपऱ्यात पण पोलच की, पंचावन्नमधलेच."

"येतंय का बघा मोजून," ते म्हणाले आणि विडी पेटवून बांधावर बसले. मी टेप घेऊन निघालो आणि त्या दहा मिनिटांत माझी जी काय शोभा झाली ती ऐका. पहिल्या कोपऱ्यातून दर आठ फुटाला चुन्याची खूण करत गेलो, बारा गाळे झाले, 96 फूट. कोपरा तीन फूट पुढे. आठ फूट पुरे करायचे तर तीन फूट इकडे आणि उरलेले पाच वळून पलीकडच्या बाजूला, म्हणजे कोपऱ्यात पोल नाहीच! आणि तार तर काय, पोलपासून पोलपर्यंत सरळच ताणली जाणार, ती कोपरा कापून निघून जाणार. तीन बाय पाचचा त्रिकोण, साडेसात चौरस फूट जमीन मी कुंपणाबाहेर ठेवून शेजारच्या आण्णांना दान करत होतो. पुढच्या कोपऱ्यात चार आणि चार, आठ चौरस फूट. तिसऱ्यात सात आणि एक, साडेतीन. चौथ्या कोपऱ्यात बरोबर जुळलं, कारण तिथूनच निघालो होतो. एकूण 19 चौरस फूट, आणि आण्णा बांधावर उभे राहून बघत होते, चेहऱ्यावर असा भाव की चालू दे, चालू दे.

मिस्त्री उठले. "साहेब, अख्ख्या परिमितीला भागायचं नाही, एकेक बाजू वेगळी धरायची. पोल मोजू नका, गाळे मोजा."

गाळा म्हणजे दोन पोलमधली जागा. 99 ला आठने भाग जात नाही, 12 गाळे पडून वर तीन फूट उरतात, म्हणून गाळे 13 करायचे आणि अंतर थोडं कमी घ्यायचं, प्रत्येकी साधारण 7 फूट 7 इंच. 121 ला तर 15 गाळ्यांवर एकच फूट उरतो, तिथे मी म्हणलं की 15 च करा ना, गाळा इंचभर मोठा होईल, काय बिघडतं. मिस्त्री म्हणाले आठ म्हणजे आठ, त्याच्यावर जायचं नाही, तार मधे झोळ खाते. म्हणून 16 गाळे, साडेसात फुटाच्या जरा वर. (माझं अजूनही मत आहे की इंचाने काही झालं नसतं, पण पहार त्यांच्या हातात होती.)

गेट 12 फुटी, 99 च्या बाजूला मधोमध. मला वाटलं आता सगळं परत मोडणार. पण गेट हाही एक गाळाच. त्याच्या दोन्हीकडे साडेत्रेचाळीस फूट उरतात, तिथे सहा सहा गाळे, सव्वासात फुटाचे, म्हणजे सहा अधिक गेट अधिक सहा, परत तेराच!

रात्री घरी बसून मी शहाण्यासारखं पुन्हा मांडलं. शाळेत शिकलेलं आठवलं की 13 गाळ्यांना पोल 14 लागतात, कारण दोन्ही टोकांना पोल हवा, आणि 16 ला 17. 14, 17, 14, 17, बेरीज 62. लगेच मिस्त्रींना फोन लावला, साडेदहाला. ते झोपेतच म्हणाले, "अठ्ठावन्न. कोपऱ्याचा पोल दोनदा धरलाय तुम्ही." आणि ठेवला. नंतर उजेड पडला, लग्नाच्या यादीत एकच पाहुणा मुलीकडच्यांनीही लिहावा आणि मुलाकडच्यांनीही, आणि केटररला दोन ताटं सांगावीत, तसं माझ्या चारही कोपऱ्यांचं झालं होतं. कुंपण बंद असलं, फिरून आपल्याच जागी येत असलं, तर जेवढे गाळे तेवढेच पोल. 13 आणि 16 दुप्पट, 58. एक जास्तीचा पोल फक्त उघड्या, सरळ ओळीला लागतो, जिला दोन टोकं असतात. मिस्त्रींना हे झोपेत येत होतं.

पण 58 वर थांबलं असतं तर ती माझी गोष्ट नसती. कोपऱ्याच्या पोलला दोन दिशांनी तारा ओढतात, पाच इकडून आणि पाच तिकडून, आणि त्याला नुसता दोन फूट गाडला तर तो महिनाभरात आत वाकून नमस्कार करतो. म्हणून त्याला तिरके टेकू द्यायचे, तारेच्या रेषेतच, जिकडून तार ओढते त्या बाजूला, म्हणजे ओढ टेकूवर येते. कोपऱ्याला दोन टेकू, चारांचे आठ, आणि गेटच्या पोलना तार एकाच बाजूने ओढते म्हणून त्यांना एकेक. झाले दहा. आणि टेकू म्हणजे वेगळं काही नसतं हो, तोच सात फुटी पोल तिरका गाडायचा! 58 आणि 10, 68. माझ्याकडे होते 55. तेरा पोलसाठी टेम्पोची दुसरी खेप, तिचं भाडं मी बायकोला "सुट्टे खर्च" या नावाखाली दाखवलं.

आता तारेचं ऐका, कारण तिथे मी सुधारलो होतो. गेटमधून तार जात नाही, म्हणून 440 मधून 12 वजा, 428. पाच तारा, 2140 फूट. प्रत्येक तारेची दोन टोकं गेटच्या पोलला गुंडाळायची, टोकाला तीन फूट धरले तर 30 आणखी. वर जोड, वेटोळं, हातून वाया जाणारी, यासाठी पाच टक्के. साधारण 2280 फूट, भागिले 25, 91 किलो. दुकानदाराकडे मान वर करून जायच्या लायकीचा आकडा.

तेवढ्यात आण्णा म्हणाले, प्रत्येक गाळ्यात कैची मारा, फुलीसारख्या दोन तिरक्या तारा, मग शेळीची काय बिशाद. खालची तार जमिनीपासून 9 इंचावर, वरची पावणेपाच फुटावर, मधे चार फूट, गाळा साडेसात. शाळेतला पायथागोरस मला पंचेचाळीस वर्षांनी भोरच्या बांधावर भेटला, साडेसात आणि चार, कर्ण साडेआठ, एक इंचही इकडेतिकडे नाही. फुलीला 17 फूट. गेट सोडून गाळे 57, म्हणजे 969 फूट, जवळपास 39 किलो तार नुसत्या फुल्यांना. मी मिस्त्रींकडे बघितलं, ते म्हणाले कोपऱ्याच्या आठ आणि गेटजवळच्या दोन गाळ्यांत मारा, तिथेच ओढ असते. दहा फुल्या, 170 फूट, सात किलो. एकूण 98. मी शंभर किलो आणली आणि दुकानदाराने यावेळी कपड्यांचा विषय काढला नाही.

चार दिवसांत काम झालं. कोपऱ्याचे आणि गेटचे खड्डे काँक्रीटने भरले, बाकीचे मुरूम आणि डबर ठोकून. तार ओढताना मिस्त्रींच्या पोराने बंडलात पहार घालून ते दोघांनी धरून पळवलं, मी मागून हातमोजे घालून फक्त सूचना देत होतो, आणि शेवटी दोन किलोच्या आसपास तार उरली, तिचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

काल आण्णा आले. त्यांचा प्लॉट माझ्या 121 च्या बाजूला लागून आहे आणि मापही माझ्यासारखंच, त्यांनाही आता कुंपण करायचंय. म्हणाले, "मधली बाजू तुमची झालीच आहे, तेवढी सोडायची. राहिले 319 फूट. आठने भागलं, चाळीस पोल सांगितलेत मी." आणि खिशातून घडी केलेला कागद काढला.

मी मनातल्या मनात केलं. तेरा, सोळा, तेरा, गाळे बेचाळीस. ओळ उघडी, दोन्ही टोकांना माझेच कोपऱ्याचे पोल उभे, म्हणून नवीन एक्केचाळीस. टेकू वेगळे.

"आण्णा," मी म्हणलं, "कोपऱ्यात काय लावणार?" आणि बांधावर बसलो.