फोनवरची लिंक लॅपटॉपवर बघून टाइप करू नका

गेले काही दिवस फिरणारा संदेश असा आहे:

"फोनवर आलेली लिंक लॅपटॉपवर उघडायची असेल तर बघून बघून टाइप करणे हाच सुरक्षित मार्ग. बाकी सगळ्याला केबल नाहीतर वेगळे अ‍ॅप लागते. व्हॉट्सअ‍ॅप वेब लावले की फोन हॅक होतो. लिंक पाठवली की तिच्यासोबत आपला पासवर्डही जातो. सर्व ज्येष्ठांपर्यंत पोहोचवा."

हा संदेश माझ्या मावशीपर्यंत पोहोचला आणि तिने तो तंतोतंत पाळला. भजनी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी अभंगांची पीडीएफ गूगल ड्राइव्हवर टाकून लिंक दिली होती. तिला ती लॅपटॉपवर मोठ्या अक्षरात वाचायची होती आणि छापूनही घ्यायची होती. तिने चष्मा लावला, फोन शेजारी ठेवला आणि एकेक अक्षर बघत अख्खी लिंक टाइप केली. स्क्रीनवर आलं:

```
Sorry, the file you have requested does not exist.
```

तिला वाटलं, फाइल कुणीतरी काढून टाकली. तिने मंडळातल्या बाईंना फोन करून ती पुन्हा टाकायला लावली. फाइल जागच्या जागीच होती.

टाइप करण्यातली अडचण इथेच आहे. ड्राइव्हच्या लिंकमध्ये मधोमध अक्षर-अंकांची एक लांब माळ असते, त्या लिंकमध्ये ती ३३ चिन्हांची होती. तिच्यात लहान आणि मोठं अक्षर वेगवेगळं धरलं जातं. शिवाय हे तुकडे बघा:

```
l  I  1
O  0
```

पहिल्या ओळीत लहान एल, मोठा आय आणि एक आहे, दुसऱ्या ओळीत ओ आणि शून्य. बऱ्याच फोनवर लहान एल आणि मोठा आय डोळ्यांना सारखेच दिसतात, कितीही जपून बघितलं तरी. मावशीचं तेच झालं होतं, लहान एलच्या जागी मोठा आय. लिंकमधल्या साइटच्या नावात (`drive.google.com` एवढ्या भागात) लहान-मोठं चालतं, पण तिथे एक अक्षर चुकलं तर आपण भलत्याच साइटवर जाऊन पोहोचतो, आणि अशी चुकीची नावं मुद्दाम घेऊन ठेवणारे लोक आहेत. त्यामुळे टाइप करण्याला सुरक्षित म्हणणं मला पटत नाही. बँकेच्या बाबतीत पत्ता स्वतः टाइप करा असं सांगतात ते आपल्याला पाठ असलेल्या छोट्या पत्त्याबद्दल, ३३ चिन्हांच्या माळेबद्दल नव्हे.

केबलची गरज नाही, आणि नवीन अ‍ॅपचीही नाही. मावशीच्या फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप होतंच, लॅपटॉपमध्ये ब्राउझर होता. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये वरच्या पट्टीत हे टाइप करायचं, टाइप करायचं ते एवढंच:

```
web.whatsapp.com
```

एक चौकोनी ठिपक्यांचा कोड दिसतो. फोनवर व्हॉट्सअ‍ॅप उघडून वरच्या तीन टिंबांमध्ये `Linked devices`, मग `Link a device`, आणि कॅमेरा त्या कोडसमोर धरायचा. (आयफोनवर `Linked devices` सेटिंग्जमध्ये मिळतं.) हे एकदाच करायचं असतं. पहिल्या वेळी जुने संदेश यायला थोडा वेळ लागतो, तेवढं थांबायचं. मग मावशीला काहीच पाठवावं लागलं नाही. लिंक ग्रुपवरच आली होती, लॅपटॉपवर तोच ग्रुप उघडला आणि लिंकवर क्लिक केलं.

लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली नसेल, म्हणजे तुम्ही फोनच्या क्रोममध्ये एखादं पान वाचत असाल, तर ती स्वतःलाच पाठवायची. क्रोमच्या तीन टिंबांमध्ये `Share`, मग व्हॉट्सअ‍ॅप, आणि यादीतून स्वतःचं नाव निवडायचं. त्यापुढे `(You)` असं लिहिलेलं असतं. २०२२ च्या अखेरीपासून व्हॉट्सअ‍ॅपने ही सोय दिली आहे, त्यासाठी आता मुलाला किंवा सुनेला "उगाच पाठवतेय हं" म्हणत लिंक पाठवायला नको. पुढच्याच क्षणी लॅपटॉपवर तीच चॅट वर येते. आली नाही तर फोनवर संदेशाजवळ बघा: घड्याळाचं चिन्ह असेल तर संदेश अजून फोनमधून निघालेलाच नाही, नेट तपासा.

एका ठिकाणी नवखे हमखास अडखळतात. संदेशावर बोट दाबून `Copy` केलं की लिंकसोबत वरचं "नमस्कार, खालील लिंकवर" वगैरे सगळं कॉपी होतं. ते वरच्या पट्टीत चिकटवलं की पान उघडत नाही, गूगलचा शोध सुरू होतो. शोधाचे निकाल दिसले तर समजा की लिंकसोबत मजकूर आलाय. कॉपी करूच नका, निळ्या लिंकवर थेट क्लिक करा.

व्हॉट्सअ‍ॅप वेबच्या भीतीत मात्र थोडं तथ्य आहे, म्हणून ती झटकून टाकत नाही. स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतः उघडलेल्या पानावरचा कोड स्कॅन केल्याने फोन हॅक होत नाही. धोका दोन ठिकाणी आहे. कुणीतरी दुसऱ्याने दाखवलेला किंवा पाठवलेला कोड तुम्ही स्कॅन केलात, किंवा कुणाच्या सांगण्यावरून आठ अक्षरी जोडणी-कोड फोनमध्ये टाकलात, तर तुमच्या चॅट त्याच्या संगणकावर उघडतात. लोक फसतात ते असे. दुसरं, सायबर कॅफेत जोडलं आणि तसंच उठून आलात, तर मागून बसणाऱ्याला सगळं दिसू शकतं. दोन्हीवर उपाय एकच: फोनच्या `Linked devices` मध्ये जोडलेल्या संगणकांची यादी असते. अनोळखी नाव दिसलं की त्यावर बोट टेकवून `Log out` करा. मी मावशीला दर महिन्याच्या एकादशीला ती यादी बघायला सांगितलंय, तिच्या लक्षात राहील म्हणून.

झेरॉक्सच्या दुकानात तर स्वतःचं काहीच उघडू नका, ना व्हॉट्सअ‍ॅप ना जीमेल. दुकानदाराच्या नंबरवर लिंक पाठवा, तो त्याच्याकडे उघडेल.

पासवर्ड लिंकसोबत जात नाही. लिंक म्हणजे पानाचा पत्ता. तुम्ही फोनवर लॉगिन असलात तरी लॅपटॉपवर पुन्हा लॉगिन मागितलं जातं ते याचमुळे, त्यात काही बिघडलेलं नसतं. अपवाद आहेत: पासवर्ड बदलण्यासाठी ईमेलवर येणारी लिंक ही किल्लीच असते, ती कुणालाही देऊ नये, आणि दुकानदाराला तर नाहीच. "लिंक असेल तो उघडेल" अशी ठेवलेली ड्राइव्हची फाइलही तशीच, लिंक ज्याच्या हाती पडेल तो ती उघडणार.

मावशीच्या बाबतीत याचंच दुसरं टोक दिसलं. क्लिक केल्यावर यावेळी वेगळाच मजकूर आला, `You need access`. पहिल्या वेळी पत्ता चुकला होता, आता पत्ता बरोबर होता पण दार बंद होतं. फाइल मंडळाच्या ठरावीक ईमेलपुरती ठेवलेली होती. फोनमध्ये तिचं स्वतःचं खातं होतं, लॅपटॉपवर माझ्या भावाचं. वर उजवीकडच्या गोल चित्रावर क्लिक करून तिचं खातं जोडलं, लिंक पुन्हा उघडली, आणि हरिपाठाचं पहिलं पान पडदाभर दिसलं.