२४, ६० आणि १२० : संत्र्यांच्या फ्लोचार्टवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : "सर, बाण मोजा, शेवटून उलटं चाला, हे सगळं कारकुनी काम आहे. तुमच्याच संत्र्यांच्या फ्लोचार्टमध्ये मी २४, ६० आणि १२० घालून ड्राय रन केला. तिन्ही वेळा उत्तर बरोबर आलं, म्हणजे चार्ट बरोबर आहे. उगाच चुका दाखवून पोरांना घाबरवता. आकृती मोबाईलवर दिसतही नाही. आणि आजकाल फ्लोचार्ट काढतं कोण?"

नमस्कार भाऊ,

आधी आकृतीचं सांगतो. मोबाईलवर अक्षरं फार बारीक दिसतात हे खरं आहे आणि ती चूक माझीच. म्हणून तोच चार्ट खाली ओळींत लिहून देतो. तुमच्या शेवटच्या प्रश्नात मी शिरत नाही. ज्यांना परीक्षेत फ्लोचार्ट काढावा लागतो ती मुलं इथे येतात, आणि मी त्यांच्यासाठी लिहितो.

'कारकुनी' हा शब्द मात्र मला लागला. नागपुरात पॉलिटेक्निकच्या मुलांचे फ्लोचार्ट मी सतरा वर्षं तपासतो आहे. एवढ्या वर्षांत चुकलेल्या मुलाच्या वहीवरसुद्धा असा शेरा मी लिहिलेला नाही. पटत नसेल तर पटत नाही म्हणा, पण बोलायची एक रीत असते. शिवाय फ्लोचार्टमधल्या चुका शोधण्यावरचा माझा पूर्ण लेख वाचून तुम्ही हे लिहिलंत असं मला वाटत नाही, कारण तुम्ही घेतलेल्या आकड्यांवर त्यात एक अख्खा परिच्छेद आहे.

हा तो चार्ट. कळमन्याच्या बाजारातून आलेली N संत्री डझनांत मोजायची आहेत.

```
१   आरंभ → २
२   N वाचा → ३
३   N < ० ?   होय → ४   नाही → ५
४   "चुकीची संख्या" छापा
५   D = ० → ६
६   N = ० ?   होय → ९   नाही → ७
७   N = N − १२ → ८
८   D = D + १ → ६
९   D छापा → १०
१०  समाप्त
```

तुमचे तिन्ही आकडे बाराच्या पाढ्यातले आहेत. आता १०० घाला. चौकट सहामध्ये N दर वेळी असा येतो : १००, ८८, ७६, ६४, ५२, ४०, २८, १६, ४, आणि मग −८. शून्य मधल्या मधे ओलांडलं गेलं. पुढे −२०, −३२ असं ते खालीच जात राहणार, D वाढत राहणार आणि 'होय'चा बाण कधीच वापरला जाणार नाही. बारापैकी अकरा संख्यांना हा चार्ट थांबत नाही, आणि तुम्ही तिन्ही वेळा उरलेली बारावी निवडलीत. ड्राय रन एवढंच सांगतो की या आकड्याला या वाटेने उत्तर आलं. जी वाट त्या आकड्याने तुडवलीच नाही, तिच्याबद्दल तो काहीही सांगत नाही. चौकट चारमध्ये तर तुमचा एकही आकडा गेला नाही.

म्हणूनच उलटं चालायचं. 'समाप्त'वर टिंब द्या. ज्या चौकटीचा एखादा बाण टिंब असलेल्या चौकटीत जातो, तिलाही टिंब द्या. इथे दहानंतर नऊ, नऊनंतर सहा, सहामुळे पाच आणि आठ, मग तीन आणि सात, मग दोन, मग एक. नवीन टिंब पडेनासं झालं की थांबा. चार कोरी राहिली. तिथे गेलेला माणूस 'समाप्त'पर्यंत कधीच पोचत नाही. चौकट लोंबकळत असो की तीन चौकटी आपसातच गोल फिरत असोत, दोन्ही या एकाच फेरीत उघडे पडतात, आणि दहा चौकटींना दोन मिनिटंही लागत नाहीत. मुलांच्या वहीत लोंबकळणारी चौकट बहुतेक वेळा असा चुकीचा संदेश छापणारीच असते, कारण मुख्य वाट काढून झाल्यावर ती बाजूला डकवली जाते. दुसरी नेहमीची जागा म्हणजे पान संपल्यावर काढलेलं 'अ'चं वर्तुळ, ज्याचा जोडीदार पुढच्या पानावर नसतोच.

चारचा बाण दोनकडे वळवला की टिंब मिळतं, पण आता २-३-४ हा नवा लूप झाला. समोरचा माणूस ऋण संख्याच टाकत बसला तर तो संपणार नाही. प्रयत्न मोजायला P ठेवा आणि तीन झाले की 'समाप्त'कडे पाठवा.

बाण मोजायचे ते डायमंडसाठी, म्हणजे होय-नाही विचारणाऱ्या चौकटीसाठी. डायमंडमधून दोन बाण निघायला हवेत आणि दोन्हींवर नाव हवं. समजा पुढे भाव ठरवायचा आहे. पहिला डायमंड विचारतो D > ५० का, 'होय' तर घाऊक भाव. 'नाही'वर दुसरा विचारतो D < ५० का, 'होय' तर किरकोळ भाव. या दुसऱ्याची 'नाही'ची बाजू मुलं मोकळी सोडतात, कारण दोन्ही शक्यता झाल्या असं त्यांना वाटतं. तिथे बरोबर ५० डझनवाला येऊन उभा राहतो. उपाय म्हणजे दुसरा डायमंड काढूनच टाकायचा. पहिल्याचं 'नाही' सरळ किरकोळ भावाकडे न्या, आणि ५० कुठल्या बाजूला जातो हे आधी व्यापाऱ्याला विचारून घ्या.

आता पुन्हा चौकट सहाकडे या. तिला टिंब मिळालं होतं, बाणही दोन होते, तरी चूक राहिलीच, आणि हे मी लेखात स्पष्ट लिहिलं होतं. बाहेर जायचा बाण आहे एवढं पुरत नाही, तो कधीतरी घेतला जाईल याची खात्री लागते. त्यासाठी प्रत्येक लूपला दोन प्रश्न विचारा : दर फेरीला कोणती संख्या कमी होते, आणि थांबायची अट तिला ओलांडता येते का? इथे N बाराने कमी होतो, पण 'N = ०' ही अट त्याला ओलांडता येते. 'N < १२' ओलांडता येत नाही, कारण एकदा बाराच्या खाली गेला की तो खालीच असतो. सहामध्ये ती अट लिहा आणि नऊमध्ये D सोबत उरलेला N सुटी संत्री म्हणून छापा. १०० ला ८ डझन आणि ४ सुटी येतील.

लूपच्या आत डायमंड असेल तर ही घट प्रत्येक वाटेवर व्हायला हवी. 'संत्रं खराब आहे?' याच्या 'होय' बाजूला नुसतं खराब एकने वाढवून मागे आलात आणि पुढचं संत्रं उचललंच नाही, तर तेच एक सडकं संत्रं जन्मभर मोजलं जाईल.

या पद्धतीला मर्यादा आहे. कुठलाही चार्ट दिला तरी तो थांबेल की नाही हे सांगणारी एकच ठरावीक रीत असू शकत नाही, हे गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने १९३६ मध्ये सिद्ध केलं. सम संख्या निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा, १ आला की थांबा, हा चार्ट सात चौकटींत मावतो. २७ घातलात तर तो ९२३२ पर्यंत चढून १११ पायऱ्यांनी १ वर येतो. शून्याहून मोठ्या प्रत्येक पूर्ण संख्येला तो थांबतोच, हे आजवर कोणी सिद्ध करू शकलेलं नाही. डझनांच्या चार्टला मात्र ही सबब लागू होत नाही.

मुलं घाबरतात असं म्हणता, तर त्यांना ड्राय रनसाठी हे आकडे द्या : ०, ११, १२, १३ आणि −५. वरच्या चार्टमध्ये ११ आणि १३ अडकतात, −५ चौथ्या चौकटीत लटकतो. सुधारलेल्या चार्टमध्ये ११ ला शून्य डझन आणि ११ सुटी यायला हवीत, १३ ला एक डझन आणि एक सुटं. मोठ्या अक्षरांतली आकृती रविवारपर्यंत टाकतो.