इथं, इथं आणि इथं

ऑपरेशनच्या आदल्या रात्री साडेआठच्या सुमारास सिस्टर फाइल घेऊन येतात, तीन पानं उलटतात आणि पेनाच्या टोकानं दाखवतात, "इथं, इथं आणि इथं." शहाणा नातेवाईक अशा वेळी सही करून मोकळा होतो. तुम्हीही व्हा. सिस्टरना अजून पाच खाटा बघायच्या आहेत, खाली मेडिकलवाला शटर ओढायच्या बेतात आहे, आणि बारानंतर पेशंटला घोटभर पाणीसुद्धा द्यायचं नाही हे तुम्हाला चौथ्यांदा सांगून झालंय. त्यात तुम्ही इंग्रजी वाचत बसलात, तर अक्षता पडत असताना नवऱ्या मुलाचा पगार विचारणाऱ्या काकांकडं बघतात तसं सगळे तुमच्याकडं बघतील.

फॉर्मचा फोटो तर मुळीच काढू नका. मी काढला आणि रात्र घालवली, म्हणून सांगतोय.

आत्याचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन होतं. आत्या पलूसची, हॉस्पिटल सांगलीतलं, बरं चाललेलं. फॉर्मवर शेवटी एक ओळ होती, ती मला वाचता आली: 'वरील सर्व माहिती मला समजणाऱ्या भाषेत समजावून सांगण्यात आली आहे.' ही ओळ अर्थातच इंग्रजीत होती. मी मोबाइल काढला. पहिल्या फोटोत नेमक्या धोक्यांच्या परिच्छेदावर ट्यूबलाइट चमकली, दुसऱ्यात माझाच अंगठा आला. तिसरा चुलतबहिणीला पाठवला. ताई मिरजेत बावीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. तिची ड्युटी सुटल्यावर अकराला फोन आला. ती सांगत गेली आणि मी सोनोग्राफीच्या पाकिटावर मराठीत लिहीत गेलो.

मोकळ्या जागेत डॉक्टरांच्या अक्षरात एकच ओळ होती. ताईनं ती वाचली, 'लॅप कोलेसिस्टेक्टॉमी, एसओएस ओपन.' "आत्याला माहीत आहे ना, पिशवी काढणार आहेत?"

"पिशवी कशाला? खडे काढणार आहेत."

"अरे, टॉमी म्हणजे चिरणं आणि एक्टॉमी म्हणजे काढूनच टाकणं. पित्ताची पिशवी खड्यांसकट बाहेर येते. नुसते खडे काढून पिशवी ठेवली तर तिच्यात परत खडे होतात."

आता बघा, फोटो काढला नसता तर आत्या शांत झोपली असती. ती उठून बसली. "पिशवीच काढल्यावर पित्त कुठं जायचं गं?" ताईनं स्पीकरवर समजावलं की पित्त यकृतात तयार होतं, पिशवी म्हणजे नुसती साठवणीची टाकी. टाकी काढली की पित्त नळीतून थेट आतड्यात उतरतं. काहींना सुरुवातीला जुलाब होतात, तेलकट सोसत नाही, मग शरीर जुळवून घेतं. आत्याला ते पटलं. तीन आठवडे ती 'खडे काढून घेते' असं गावभर सांगत होती आणि तिला कुणी दुरुस्त केलं नव्हतं, कारण गावातल्या निम्म्या लोकांना पित्ताचा खडा आणि मुतखडा एकच वाटतो. भरपूर पाणी प्या, पडून जाईल, हा सल्ला तिला पाच जणांनी दिला होता. मुतखडा लहान असेल तर लघवीतून पडतो. पित्ताच्या पिशवीचा लघवीच्या वाटेशी संबंधच नाही.

'एसओएस' वाचून आत्याचा मुलगा दचकला. जहाज बुडताना पाठवतात तोच संदेश त्याला आठवला. ताई हसली. हे लॅटिन आहे, अर्थ 'गरज पडली तर'. तापाच्या गोळीपुढंही डॉक्टर हेच लिहितात. इथं त्याचा अर्थ असा, की आधी दुर्बिणीनं चार भोकं पाडून प्रयत्न करणार आणि आत पिशवी सुजून चिकटलेली निघाली, नीट दिसेना, तर पोट उघडून करणार. साधारण शंभरात पाचेक जणांवर ही वेळ येते, सूज जास्त असेल तर अधिक. पोट उघडणं म्हणजे ऑपरेशन फसलं असं नाही. दिसत नसताना दुर्बिणीचा हट्ट धरणारा डॉक्टर जास्त धोक्याचा. पण ही गोष्ट आदल्या रात्री कळली तर माणूस तयार असतो. नाही तर शुद्धीवर आल्यावर वीतभर टाके दिसतात आणि बाहेर बसलेली मंडळी ठरवून टाकतात की काहीतरी घोळ झालाय. तेव्हा तुम्ही हे विचारू नका. नंतर चहाच्या गाड्यावर बोलायला विषय राहतो.

मग धोक्यांचा परिच्छेद. फॉर्म लिहिणाऱ्याच्या निःपक्षपातीपणाला दाद दिली पाहिजे. मळमळ, खांदेदुखी, जखमेत पू, रक्तस्राव, पित्तनलिकेला इजा, भुलीचे दुष्परिणाम, मृत्यू, सगळे एकाच टाइपात, एकाच वाक्यात, मध्ये फक्त स्वल्पविराम. कुणावर अन्याय नाही. वाचणारा एक तर सगळ्याला घाबरतो नाही तर कशालाच घाबरत नाही. ताईनं तो परिच्छेद सोडवून दिला. पोटात जागा करायला कार्बन डायऑक्साइड भरतात, त्यानं एक-दोन दिवस खांदा दुखतो. हे अगदी सर्रास होतं. धडधाकट माणसाचा निव्वळ भुलीमुळं मृत्यू लाखात एखादा. आत्याला बीपी आहे, म्हणून भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी तपासून गेले होते.

"या सगळ्यात विचारण्यासारखी एकच गोष्ट आहे," ताई म्हणाली, "सीबीडी इंजुरी." पिशवीला स्वतःची एक बारीक नळी असते आणि ती यकृताकडून आतड्याकडं जाणाऱ्या मुख्य नळीला, म्हणजे सीबीडीला, मिळते. ऑपरेशनमध्ये बारीक नळी क्लिप लावून कापायची असते. सुजेनं सगळं एकमेकांत गुरफटलं असेल तर मुख्य नळीच बारीक नळीसारखी दिसते आणि क्लिप भलत्याच नळीवर बसू शकते. हे हजारात तीन ते पाच जणांच्या बाबतीत होतं. होतं तेव्हा मात्र ते प्रकरण मोठं असतं, दुसरं ऑपरेशन, महिनोन्महिने फेऱ्या. आणि ते दर वेळी टेबलावरच कळत नाही. घरी गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोट फुगायला लागलं, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, ताप आला, डोळे पिवळे दिसले, तर गॅस झालाय म्हणून ओवा चावत बसायचं नाही, तडक परत यायचं. फॉर्मवर हे कुठंच नव्हतं. तिथं धोक्याचं नाव होतं, तो ओळखायचा कसा ते नव्हतं.

'पर्यायी उपचार' या शब्दांपुढची जागा कोरी होती. कोरी जागा दिसली की तुम्ही तिच्याखाली सही करा, भरणारे नंतर भरतीलच. तिथं यायला हवा होता तो मजकूर ताईनं सांगितला, दोन-तीन ओळींचाच. खडे असून त्रास नसेल तर बहुतेकदा नुसतं लक्ष ठेवतात. आत्यासारख्या दोनदा कळा येऊन गेल्या असतील तर थांबण्यात पुन्हा कळा, कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज यांचा धोका असतो. खडे विरघळवायच्या गोळ्या मोजक्याच बारीक खड्यांवर चालतात आणि बंद केल्या की खडे परत होऊ शकतात.

दुसऱ्या पानावर माझं आवडतं वाक्य होतं. 'ऑपरेशनदरम्यान आवश्यक वाटेल ती अन्य कोणतीही प्रक्रिया करण्यास माझी संमती आहे.' कोरा चेक आपण सख्ख्या भावाला देत नाही, पण इथं देऊन टाकावा, माणसानं एवढं काय ते चिवट असू नये. समीरा कोहली नावाच्या एक पेशंट अशाच चिवट निघाल्या. त्यांची संमती फक्त दुर्बिणीनं तपासणी करायला होती. त्या भुलीत असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी गर्भाशय आणि अंडाशय काढलं. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की तपासणीची संमती ही उपचाराची संमती होत नाही, आणि सज्ञान, शहाणा पेशंट काही वेळापुरता भुलीत आहे म्हणून त्याच्या वतीनं दुसऱ्या कुणाला होकार देता येत नाही. जीव वाचवायला तातडीनं काही करावंच लागलं तर गोष्ट वेगळी. थांबता येत असेल तर थांबायचं, शुद्धीवर आणायचं आणि विचारायचं.

हे मी आत्याच्या मुलाला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. सिस्टरनी पेशंटची म्हणून दाखवलेल्या जागेवर त्यानंच सही केली होती. आत्या शेजारीच बसून मोसंबी सोलत होती. सातवी शिकलेली, सोसायटीच्या कर्जावर स्वतः सह्या करणारी बाई, पण तिच्या पोटावरचा कागद आपोआप मुलाकडं गेला. तुमच्याकडंही जाऊ द्या. बायकांना उगीच कशाला त्रास!

सकाळी साडेसातला डॉक्टर राउंडला आले. मला वाटलं पाकीट बघून चिडतील. त्यांनी ते वाचलं, 'शंभरात पाच' वर बोट ठेवून म्हणाले, "तुमच्या सोनोग्राफीत पिशवीची भिंत जाड दिसते, तुमच्या बाबतीत दहा धरा," आणि पाकिटाच्या उरलेल्या कोपऱ्यात दोन नळ्यांचं चित्र काढून दाखवलं. सात मिनिटं लागली. माणूस चांगला होता. आदल्या दिवशी त्याला कुणी विचारलंच नव्हतं आणि त्यानंही आपणहून सांगितलं नव्हतं, कारण फॉर्मवर तर सांगितल्याचं आधीच छापलेलं होतं.

आत्यानं फॉर्म मागून घेतला. मुलाच्या सहीपुढं 'साक्षीदार' असं लिहिलं, दुसऱ्या पानावरचं ते वाक्य खोडलं आणि समासात ठळक अक्षरात लिहिलं, 'पोट उघडावं लागलं तर चालेल. जिवावरचं नसलेलं दुसरं काही सापडलं तर आधी मला उठवून विचारावे.' खाली तिनं सही केली, तिच्याखाली डॉक्टरांनी वेळ घालून केली.

चार भोकांतच भागलं, सव्वा तासात. बाटलीत सतरा खडे निघाले. आत्यानं ते दोनदा मोजले.

डिस्चार्जच्या दिवशी मी केसपेपरच्या प्रतीसाठी लेखी अर्ज दिला. असला अर्ज तुम्ही देऊ नका. रेकॉर्ड मागितल्यापासून ७२ तासांत द्यायचं असतं हे २००२ च्या डॉक्टरांसाठीच्या नियमांत आहे, पण खिडकीवरच्या माणसाला ते आपण सांगणं बरं दिसत नाही. त्यानं फाइल चाळली, दुसऱ्या पानावर थबकला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"हे कुणी गिरगटलंय? असली फाइल ऑडिटला चालत नाही हो." त्यानं ड्रॉवरमधून नवा कोरा फॉर्म काढला, काउंटरवर सरकवला आणि पेन आत्याला सोडून तिच्या मुलाच्या हातात दिलं. "तेवढं करून टाका. इथं, इथं आणि इथं."