एका तारेच्या रिव्ह्यूला दुकानमालकाचं उत्तर

★☆☆☆☆ "पीएस४ विकायला गेलो. व्हॉट्सअ‍ॅपवर १२,००० सांगितले, हातात ९,७०० ठेवले. वर तीन तास बसवून ठेवलं. मुलाच्या सात डिजिटल गेम्सचा एक रुपया दिला नाही. उघड लूट आहे."

मालकाचं उत्तर:

नमस्कार सर. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. पण 'लूट' हा शब्द लागला, म्हणून लिहितो.

१२,००० हा १ टीबी स्लिमचा भाव होता. तुम्ही पाठवलेला फोटो फक्त पुढच्या बाजूचा होता. दुकानात मशीन उलटं केलं, तर स्टिकरवर मॉडेल नंबरच्या शेवटी A निघालं, म्हणजे ५०० जीबी (१ टीबीला B असतं). त्याचे १,५०० कमी झाले. कंट्रोलरची डावी स्टिक हात न लावता सरकत होती, ती बदलायचे ८००. दोन्ही गोष्टी मी तुमच्यासमोर दाखवल्या होत्या. डिजिटल गेम्स मशीनमध्ये नसतात, चिरंजीवांच्या अकाउंटवर असतात. ते आजही त्यांचेच आहेत. मी ते पुढच्या गिऱ्हाइकाला विकूच शकत नाही, मग पैसे कशाचे देऊ? सात डिस्क आणल्या असत्या तर प्रत्येकीचे वेगळे दिले असते.

आता वेळेचं. पहिला अर्धा तास सेव्ह कॉपी करण्यात गेला, कारण पेनड्राइव्ह NTFS होता आणि पीएस४ फक्त FAT32 किंवा exFAT घेतो. तो फॉरमॅट करून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत. मग Activate as Your Primary PS4 मध्ये जाऊन Deactivate केलं. ते राहिलं असतं आणि उद्या तुम्ही दुसरा पीएस४ घेतला असता, तरी अकाउंटचं प्रायमरी मशीन हेच राहिलं असतं. शेवटी Initialize PS4. तिथे दोन पर्याय येतात. Quick काही मिनिटांत होतं, पण त्यानंतरही खास सॉफ्टवेअरने डेटा परत काढता येतो. Full ला काही तास लागतात, आणि मध्येच बंद केलं तर मशीन बिघडू शकतं. मी Full च करतो. गल्ल्यावर बसून Quick दाबायला मलाही येतं, सर! संध्याकाळी सहाला सुरू केलं, तुमच्यामुळे दुकान नऊऐवजी साडेनऊला बंद केलं.

आणि पैसे मी सहालाच देत होतो. "मशीन ठेवून जा, संपलं की व्हिडिओ पाठवतो," असंही म्हटलं होतं. डोळ्यांसमोरच पुसायचं हा आग्रह तुमचा होता. तो चुकीचा नाही, घरचे फोटो होते त्यात. पण मग बसवून ठेवलं असं कसं म्हणता? आमचं छोटं दुकान आहे, असा एक तारा वाचून येणारं गिऱ्हाईक परत फिरतं.

यापुढे भाव सांगण्याआधी स्टिकरचा फोटो मागत जाऊ. बसायच्या सोयीचंही काहीतरी बघतो.