एका ओळीत एकच चूक

गेली बावीस वर्षं मी कचेरीत इंग्रजी पत्रांचे मसुदे तयार करतो. वरिष्ठ त्यात एखादा स्वल्पविराम हलवतात आणि खाली सही ठोकतात. त्यामुळे नववीतली आमची कन्या सरावाचा पेपर घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, एडिटिंगचा प्रश्न जरा बघ ना," तेव्हा मी चष्मा पुसला तो केवळ शिष्टाचार म्हणून.

हा प्रश्न ज्यांच्या वाट्याला आला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एक लहानसा उतारा असतो. त्यातल्या प्रत्येक ओळीत एक, आणि एकच, चुकीचा शब्द पेरलेला असतो. आपण तो हुडकायचा, चुकीच्या रकान्यात तो आणि बरोबरच्या रकान्यात त्याच्या जागी येणारा शब्द लिहायचा, आणि आपल्या शब्दाखाली रेघ मारायची. आठ ओळी, प्रत्येकीला अर्धा गुण, एकूण चार. अर्ध्या गुणासाठी बावीस वर्षांचा अनुभव पणाला लावायचा म्हणजे मुंगीवर तोफ, असं मला वाटलं होतं.

पहिली ओळ होती, 'माय ग्रँडफादर ओन ॲन ओल्ड क्लॉक. इट'. पुढचं वाक्य 'इट'वरच तुटलं होतं. या उताऱ्यांत ओळ संपते तिथे वाक्य संपत नाही, हे मला तेव्हा फार महत्त्वाचं वाटलं नाही. मी ऐटीत सांगितलं, "ओन नाही, ओन्ड. भूतकाळ. आजोबांची गोष्ट आहे."

"आजोबा जिवंत असतील तर?"

"अगं, एवढं जुनं घड्याळ बाळगणारे आजोबा आता कुठले जिवंत असायला!"

दुसरी ओळ, 'स्टँड्स इन द हॉल अँड स्ट्राइक एव्हरी'. मी लगेच 'स्टँड्स'चं 'स्टूड' केलं, 'स्ट्राइक'चं 'स्ट्रक' केलं आणि पेन खाली ठेवलं. "पेपर काढणाऱ्याला गणित येत नाही. इथे दोन चुका आहेत."

कन्येने माझ्याकडे पाहिलं. माझे वरिष्ठ मसुद्याकडे बघतात, अगदी तसं. "बाबा, एका ओळीत दोन चुका दिसल्या ना, की आपली वरची ओळ चुकलेली असते. 'स्टँड्स' बरोबर आहे. म्हणजे सगळं वर्तमानकाळात चाललंय. म्हणजे वर 'ओन्स' आणि इथे 'स्ट्राइक्स'. तू आजोबांना उगाच मारलंस."

मला ते पटलं, आणि पटलं म्हणून जास्तच लागलं. एका ओळीत एकच चूक हा नियम मी अट समजत होतो, आणि ती तो ताळा म्हणून वापरत होती. ओळीत एक शब्द चुकीचा, याचाच अर्थ बाकीचे सगळे बरोबर. ते बरोबर शब्द काळ सांगतात, वचन सांगतात, कर्ता कोण ते सांगतात. मी मात्र जन्मभर चुकीच्याच मागे धावलो.

तिसऱ्या ओळीत घड्याळ इतकं 'लाउड' वाजत होतं की शेजारी जागे होत होते. तिथे मी चूक बरोबर पकडली, पण दुरुस्ती म्हणून 'विथ सच अ ट्रिमेंडस साउंड' असं लिहिलं. कचेरीत याला भाषेवर प्रभुत्व म्हणतात. इथे एका शब्दाच्या बदल्यात एकच शब्द चालतो. उत्तर 'लाउडली'. एवढा मोठा आवाज 'ली'त कसा मावतो, ते इंग्रजांनाच ठाऊक.

खरी नाचक्की पुढे होती. 'अप. ही वाइंड्स इट इन संडे मॉर्निंग्ज'. ही ओळ मी चार वेळा वाचली. मला ती संगमरवरासारखी स्वच्छ दिसली. अखेर कन्येनेच 'इन'वर बोट ठेवलं, तिथे 'ऑन' हवं. आता सांगा, आपण 'रविवारी' म्हणतो तेव्हा त्यातल्या त्या दीर्घ ईमध्ये 'इन' आहे की 'ऑन', याची चौकशी कुणी केली आहे का? पाचव्या ओळीत 'विथ ॲन ब्रास की' होतं. तिथेही माझी नजर सुळकन निघून गेली. मराठीत हे 'अ, ॲन, द' प्रकरणच नाही. घड्याळ म्हणजे घड्याळ, किल्ली म्हणजे किल्ली. वाचताना आपण किल्ली उचलतो आणि तिच्याआधीचा 'ॲन' दारातच ठेवून येतो. नेमके हेच बारके शब्द पेपर काढणाऱ्याचे लाडके असतात. कन्येचा यावर उपाय म्हणजे पुटपुटत, एकेका शब्दावर पेन्सिल टेकवत वाचायचं. मोठ्याने म्हटलं की 'ॲन ब्रास' दाताखाली खड्यासारखं लागतं. मी म्हणून पाहिलं. लागलं.

सहाव्या ओळीत 'टु टचिंग'चं 'टु टच' हे मी स्वबळावर केलं. याची नोंद घ्यावी, कारण घरात कुणी घेतली नाही.

सातवी ओळ, 'स्टॉप्स फॉर टू डेज अँड ही सॅट बिसाइड'. वर्तमानकाळाचा धडा ताजा असल्यामुळे मी 'सॅट'चं 'सिट्स' केलं. चूक. सहाव्या ओळीच्या शेवटी, कुंपणावर बसलेल्या मांजरासारखं, 'लास्ट इयर इट' बसलं होतं. काळ बदलला होता तो वरच्या ओळीत, आणि त्याचा हिशेब मागितला होता खालच्या ओळीत. म्हणून 'स्टॉप्ड'. आठव्या ओळीत आजोबा घड्याळापाशी बसले होते, नर्स 'पेशन्स'पाशी बसते तसे. तिथे 'पेशंट' हवं हे मला कळलं, पण तोवर माझाच 'पेशन्स' संपला होता.

मग आला गाळलेल्या शब्दांचा प्रश्न. त्यात प्रत्येक ओळीतून एक शब्द पळवलेला असतो. तो लिहायचा, शिवाय त्याच्या आधीचा आणि नंतरचा शब्दही लिहायचा, म्हणजे चोरी कुठे झाली त्याचा पंचनामा. ओळ होती, 'ही सेड क्लॉक वॉज अ गिफ्ट फ्रॉम'. शेवटचा 'फ्रॉम' लोंबकळताना पाहून मी तिथेच काहीतरी हरवलंय असं ठरवलं. पण खालची ओळ 'हिज फादर'ने सुरू होत होती, तिथे काहीच हरवलं नव्हतं. मग मी 'गिफ्ट'आधी 'ब्यूटिफुल' घातलं. वाक्य छान झालं.

"विशेषण कधीच हरवत नाही बाबा. ते काढलं तरी वाक्य उभं राहतं. जे नसल्यावर वाक्य लंगडतं तेच शोधायचं."

तिचं उत्तर होतं सेड, द, क्लॉक. मी मात्र आता पुटपुटत वाचायला शिकलो होतो. म्हटलं, "'द'च्या जागी 'दॅट' घाल. 'ही सेड दॅट क्लॉक वॉज अ गिफ्ट'. लंगडतंय का?" तिने दोनदा पुटपुटून पाहिलं. लंगडत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने बाईंना विचारलं आणि बाईंनी दोन्ही उत्तरं ग्राह्य धरली. त्या अर्ध्या गुणावर मी आठवडाभर घरात ताठ मानेने वावरलो. एडिटिंगमध्ये कन्येच्या तपासणीनुसार मला चारपैकी एकच गुण मिळाला होता, त्यातलाही अर्धा रेघ न मारल्याबद्दल कापला गेला, हे मी कुणाला सांगत बसलो नाही.

परवा तिच्या शाळेसाठी रजेचा अर्ज लिहायचा होता. मी इंग्रजीत, मोजून आठ ओळींत लिहिला आणि सहीआधी तिच्यापुढे धरला. तिने पेन्सिल टेकवत, पुटपुटत तो वाचला आणि परत दिला.

"काय, चूक आहे का?"

"आहेत ना. पण तू एका ओळीत एकच हा नियम पाळलेला नाहीस."