कार्बाइड, इथिलीन आणि 'वायू उडून जातो' : एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया : "लेख वाचून हसू आले. कार्बाइडमधून निघतो तो ॲसिटिलीन, चेंबरमध्ये सोडतात तो इथिलीन. दोन्ही वायूच, दोन्ही उडून जातात, मग फळात उरते काय? कॅन्सरची भीती घालून लोकांना घाबरवण्यापेक्षा थोडा अभ्यास करून लिहा. आणि छोट्या व्यापाऱ्याने महागडी चेंबर कुठून आणायची, तेही सांगा."

महोदय,

कार्बाइडने फळे पिकवण्याच्या धोक्यांवरचा माझा लेख वाचून आपल्याला हसू आले, याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र 'अभ्यास करून लिहा' हा सल्ला ज्या सुरात दिला गेला, तो सूर अभ्यास झालेल्या माणसाचा वाटत नाही. माझ्या वडिलांचे गॅस वेल्डिंगचे दुकान होते आणि शाळेत असल्यापासून कार्बाइडचे करडे खडे ॲसिटिलीनच्या जनित्राच्या पिंजऱ्यात भरण्याचे काम माझ्याकडे होते. झाकण उघडताच नाकात जाणारा लसणासारखा उग्र वास मला आजही आठवतो. शुद्ध ॲसिटिलीनला तसा वास येत नाही. तो येतो खड्यातल्या अशुद्धीमुळे, आणि आपल्या प्रतिक्रियेत नेमकी तीच गळली आहे.

एक गोष्ट मान्य करतो. लेखाच्या शीर्षकात 'कॅन्सर' हा शब्द घालायला नको होता. खड्यातल्या अशुद्धीत आर्सेनिकही असते आणि असेंद्रिय आर्सेनिक कर्करोगकारक आहे हे निर्विवाद असले, तरी कार्बाइडने पिकवलेले एक फळ खाऊन कुणाला कर्करोग होत नाही. शीर्षक बदलले आहे.

आता 'उडून जातात' याकडे वळतो. दोन्ही वायू फळाच्या पिकण्याच्या एकाच कुलपाला किल्लीसारखे लागतात हे खरे आहे. इथिलीन हे फळाचे स्वतःचेच संप्रेरक आहे आणि ॲसिटिलीन त्याची कामचलाऊ नक्कल आहे. ही नक्कल इतकी दुबळी असते की तेवढाच परिणाम साधायला शेकडो पटींनी जास्त वायू लागतो. हिशेबच मांडतो. दहा किलो आंब्यांच्या खोक्यात कागदाच्या पुडीत २० ग्रॅम कार्बाइड ठेवले आणि आतली मोकळी जागा ३० लिटर धरली. ओल लागताच पुढील क्रिया होते :

CaC2 + 2H2O → C2H2 + Ca(OH)2

बाजारी कार्बाइड किलोमागे साधारण ३०० लिटर वायू देते, म्हणजे त्या पुडीतून सहा लिटर ॲसिटिलीन सुटेल. फळे पिकवण्याच्या नियंत्रित चेंबरमध्ये इथिलीन सुमारे १०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग, ठेवतात. तेवढ्याच जागेला ते तीन मिलिलिटर होते. बरेचसे ॲसिटिलीन फटींतून निसटते हे धरले, तरी हवेत अडीच टक्क्यांपासूनच ते पेट घेऊ शकते, हे अशी खोकी ठेवलेल्या खोलीत काडी ओढणाऱ्याने लक्षात ठेवावे.

कार्बाइडमध्ये कॅल्शियमचे फॉस्फाइड आणि आर्सेनाइडही थोडे असते. पाणी लागताच त्यांतून फॉस्फीन आणि आर्सीन हे विषारी वायू निघतात. कच्च्या ॲसिटिलीनमध्ये फॉस्फीन ३०० पीपीएम धरले, तर तीस लिटरांत सहा लिटर, म्हणजे पाचवा भाग, ॲसिटिलीन असलेल्या आपल्या खोक्यात ते ६० पीपीएम होईल. नऊ दशांश गळून गेले असे मानले तरी सहा उरतात, आणि कामगारांच्या हवेसाठी प्रचलित मर्यादा ०.३ पीपीएम आहे. आर्सीन त्याहून फार कमी निघते, पण ते रक्तातल्या तांबड्या पेशी फोडते आणि त्याची मर्यादा ०.०५ पीपीएम आहे. म्हणून पहिला बळी खाणारा नसून पुड्या भरणारा आणि खोकी उघडणारा माणूस असतो. माझा मूळ लेख खाणाऱ्यावरच थांबला होता, तसा तो थांबायला नको होता. पण आपण तर त्या माणसापर्यंत पोहोचलाच नाहीत.

वायू गेल्यावर उरते ती राख. पुडी उघडा : करडा खडा जाऊन दमट, पांढरी, चुन्याची भुकटी राहिलेली असते, जवळपास तेवढ्याच वजनाची. ती देठाच्या खोलगट भागात आणि सालीच्या सुरकुत्यांत चिकटते. तिच्यात पाणी न लागलेला कार्बाइडचा कण असला, तर तो ओठाच्या किंवा तोंडाच्या ओलीवर क्रिया करून भाजतो. आर्सेनिक-फॉस्फरसचे अंशही याच भुकटीतून फळावर येतात, मुख्यतः सालीवर. म्हणून वाहत्या पाण्याखाली चोळून धुणे आणि साल काढणे यांनी बराच भाग जातो, पण साल दातांनी सोलणाऱ्याला या युक्तीचा उपयोग नाही. इथिलीनच्या चेंबरमध्ये भुकटीच नसते. तिथली काळजी वेगळी : आंब्याला २० ते २२ अंश तापमान, भरपूर आर्द्रता, आणि फळांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड एक टक्क्याच्या वर जाऊ न देता हवा बदलणे, नाहीतर इथिलीन असूनही फळ पिकत नाही.

कार्बाइडचे फळ रंगावरून हमखास ओळखता येत नाही, हेही सांगून ठेवतो. साल एकसारखी पिवळी आणि गर आंबट-कडक असेल, तर बहुधा फळ अपक्व तोडलेले असते, आणि तशा फळाला इथिलीनही गोडी देऊ शकत नाही. देठाशी पांढरी भुकटी आणि लसणाचा वास, ही खूण अधिक भरवशाची.

चेंबरच्या खर्चाचा प्रश्न व्यापाराचा आहे, रसायनाचा नाही. तो या लेखाचा विषय नव्हता. पुढच्या वेळी प्रतिक्रिया लिहिताना एवढेच करा : एक खडा पाण्यात टाकून दूरवरूनच वास घ्या, आणि मग त्या वासाला काय नाव द्यायचे ते मला कळवा.